कामे ठरलेली नसताना प्रकल्पाच्या पहिल्या बैठकीत लीडरने काय बोलावे?

प्रश्न: सर, मी नागपुरात इलेक्ट्रॉनिक्स अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचा सहा जणांचा गट आहे, मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरचे दोन-दोन. संत्री आकारानुसार वेगळी करणारे आणि डागी फळ कॅमेऱ्याने ओळखणारे छोटे यंत्र करायचे आहे. गाइड सरांनी मला लीडर केले, पण कोणी काय करायचे हे काहीच ठरलेले नाही. येत्या शनिवारी पहिली बैठक आहे. सगळ्यांना उत्साह येईल असे पाच-सात मिनिटे काय बोलू?

उत्तर: तुमच्या गटात उत्साह कमी असेल असे मला वाटत नाही. ऑगस्टमधल्या पहिल्या बैठकीला सगळे येतात, बऱ्यापैकी वेळेवर येतात आणि वह्याही घेऊन येतात. अडते ते इतकेच, की आलेला उत्साह कशावर खर्च करायचा हे कोणालाच ठाऊक नसते. म्हणून भाषणाची पहिली तीस सेकंदे त्या गोष्टीला द्या, जी प्रत्येकाच्या मनात असते आणि जी लीडर सहसा झाकून ठेवतो. कामे ठरलेली नाहीत आणि ती तुम्हालाही ठाऊक नाहीत, हे उघड सांगा. आणि ती कोणत्या दिवशी व कशी ठरतील, हे त्याच दमात सांगा. पहिले सांगून थांबलात तर गट धास्तावतो, दुसरे जोडलेत तर निर्धास्त होतो.

मी वीस वर्षे अशा गटांचे मार्गदर्शन करतो आहे आणि दर वर्षी लीडरची भाषणे ऐकतो. जेरेमाया सलिव्हन यांनी १९८८ मध्ये कामाच्या ठिकाणी प्रेरणा देणाऱ्या बोलण्याचे तीन प्रकार मांडले: काय करायचे याचा संभ्रम कमी करणारे बोलणे, माणसाची विचारपूस करणारे बोलणे आणि कामाचा अर्थ सांगणारे बोलणे. विद्यार्थ्यांची भाषणे बहुतेक वेळा तिसऱ्याच प्रकारची असतात. आपण शेतकऱ्यांसाठी काहीतरी वेगळे करतो आहोत, आपण एक कुटुंब आहोत, बेस्ट प्रोजेक्ट आपलाच, असे सगळे त्यात येते. टाळ्याही पडतात. पण ज्या गटात कामेच ठरलेली नाहीत त्याला भूक पहिल्या प्रकाराची असते. तुमच्या सहा मिनिटांतली निदान चार मिनिटे पहिल्या प्रकाराला द्या, आणि दुसरा प्रकार बैठकीच्या आधीच उरकून घ्या.

तो उरकायचा असा. शनिवारच्या आत पाचही जणांशी वेगवेगळे दहा-दहा मिनिटे बोला, कँटीनमध्ये किंवा पार्किंगमध्ये, जिथे जमेल तिथे. “तुला काय करायला आवडेल?” असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर जवळजवळ नेहमी “काहीही चालेल” असे येते. “कोणते काम तुझ्या वाट्याला येऊ नये असे वाटते?” असे विचारा. यावर माणसे खरे बोलतात. माझ्या सुरुवातीच्या काळातली एक चूक इथे सांगतो. एका गटाला मी पहिल्याच दिवशी पदे वाटायला लावली: डिझाइन हेड, सर्किट हेड, डॉक्युमेंटेशन हेड. गटातल्या एका मुलीचे अक्षर चांगले आणि स्वभाव शांत, म्हणून अहवाल तिच्याकडे गेला. तिला मोटर आणि गिअरमध्ये रस होता, हे मला मे महिन्यात कळले, तेही तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी गिअरचे गुणोत्तर विचारले आणि तिने मान खाली घातली तेव्हा. कोणीही तिच्यावर जाणूनबुजून अन्याय केला नव्हता. पद दिले की काम दिले असे आम्ही धरून चाललो होतो, एवढेच.

आता भाषण. खाली मी ते तुकड्यांत लिहितो आणि प्रत्येक तुकड्यामागचे कारण सांगतो. भाषा तुमच्या तोंडची ठेवा. नागपुरातल्या गटात निम्मी बैठक हिंदीतच होते आणि त्यात काही वावगे नाही. मात्र कामाचे वाक्य ज्या भाषेत बोलाल त्याच भाषेत ते लिहूनही काढा.

सुरुवात अशी करता येईल:

“आज आपल्यापैकी कोणालाच आपले काम नेमके काय ते माहीत नाही. मलाही नाही. सरांनी विषय दिला, वाटणी दिली नाही; आणि यंत्र कसे असेल हेच ठरलेले नसताना वाटणी केली तर ती चुकेल. म्हणून ती आज करायची नाही. आजपासून दोन आठवड्यांनी, शनिवारी सकाळी अकरा वाजता, इथेच बसून करायची. तोपर्यंत प्रत्येकाकडे एक छोटे काम राहील. ते दोन आठवड्यांपुरतेच आहे, पुढे तेच गळ्यात पडणार नाही.”

यातले शेवटचे वाक्य गाळू नका. तात्पुरते म्हणून घेतलेले काम कायमचे चिकटते, याचा अनुभव प्रत्येकाने शाळेच्या गॅदरिंगपासून घेतलेला असतो, आणि त्या भीतीमुळेच पहिल्या बैठकीत कोणी हात वर करत नाही. दोन आठवड्यांची मुदतही विचारपूर्वक सुचवली आहे. त्याहून लांबवली तर पुढे पोळा, मारबत आणि गणपती येतात, निम्मी मंडळी गावी जातात आणि तात्पुरती व्यवस्था आपोआप कायम होऊन बसते.

दुसरा तुकडा पक्क्या गोष्टींचा. कामे सैल असतात तेव्हा बाकी शक्य तितके घट्ट दाखवावे लागते:

“तीन गोष्टी मात्र पक्क्या आहेत. पहिली: मार्चमध्ये आपण यंत्रात शंभर संत्री टाकू. ती लहान, मध्यम आणि मोठी अशी तीन खोक्यांत पडतील आणि त्यांतली निदान नव्वद योग्य खोक्यात असतील. योग्य खोके म्हणजे आपण हाताने मापाच्या कडीतून फळ घालून पाहून ठरवलेले. दुसरी: एकाही फळाची साल फुटता कामा नये. तिसरी: अंबिया बहाराची फळे साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर मिळतील. डाग ओळखायला कॅमेऱ्याला शिकवायचे, तर त्याचे फोटो तेव्हाच काढावे लागतील. मार्चमधली चाचणी मृग बहाराच्या फळांवर होईल. या तारखा झाडांनी ठरवल्या आहेत, सरही त्या बदलू शकत नाहीत.”

शंभरातली नव्वद हा आकडा मी उदाहरणादाखल घेतला आहे. तुमचा आकडा गाइडशी बोलून ठरवा, पण आकडा हवाच. “चांगले ग्रेडिंग मशीन करायचे” या वाक्यातून कोणाला स्वतःचे काम शोधता येत नाही. याउलट “साल फुटता कामा नये” हे ऐकताच मेकॅनिकलच्या एखाद्या मुलाच्या डोक्यात येते, की नागपुरी संत्र्याची साल सैल असते, म्हणजे उघडा लोखंडी रोलर चालणार नाही, त्यावर काहीतरी मऊ गुंडाळावे लागेल. ध्येय इतके नेमके असले की त्यातून कामे आपसूक बाहेर पडू लागतात आणि तुम्हाला ती लादावी लागत नाहीत. मोसमाची अटही अशीच उपयोगी आहे. लीडर सहाध्यायीच असतो, त्याने दिलेली तारीख पुढे ढकलता येते हे सगळ्यांना माहीत असते. कळमना बाजारातली अंबियाची आवक मात्र तुमच्या सबमिशनसाठी थांबत नाही.

तिसरा तुकडा न ठरलेल्या गोष्टींचा. भाषणाचा हा सर्वांत मोलाचा भाग आहे आणि बहुतेक लीडर तो गाळतात, कारण न ठरलेले मोठ्याने वाचून दाखवणे म्हणजे दुबळेपणा असे त्यांना वाटते. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. तुमच्या गटात खरी अस्पष्टता शाखांच्या आत फारशी नाही. रोलर मेकॅनिकलचे करतील, मोटरचे सर्किट तुम्ही इलेक्ट्रॉनिक्सवाले कराल, फोटोंचा प्रोग्राम कॉम्प्युटरचे लिहितील, हे न सांगताही होईल. अस्पष्टता आहे ती दोन शाखा जिथे शिवल्या जातात तिथे. एक उदाहरण करून दाखवतो. समजा, फळ कॅमेऱ्याखालून सेकंदाला २० सेंटिमीटर वेगाने सरकते आणि कॅमेऱ्याचे शटर एका सेकंदाचा पन्नासावा भाग उघडे राहते. तेवढ्या वेळात फळ ४ मिलिमीटर पुढे जाते, आणि फोटोत ४ मिलिमीटरचा डाग आपल्याच लांबीइतका ओढला जाऊन दुप्पट लांबीचा फराटा होऊन येतो. मग फळाचा वेग कमी करायचा, की शटर लवकर मिटेल इतका उजेड वाढवायचा? वेग मेकॅनिकलच्या रोलरवर आणि तुमच्या मोटरवर अवलंबून, फोटो कॉम्प्युटरचा, आणि दिव्याची पेटी कोणाचीच नाही. माझ्या पाहण्यातले बहुतेक गट फेब्रुवारीत असल्याच ठिकाणी एकमेकांशी बोलणे टाकतात, आणि प्रत्येकाला मनापासून वाटत असते की आपले काम तर झाले आहे.

म्हणून बोला:

“तीन प्रश्नांची उत्तरे आज आपल्याकडे नाहीत. फळ कॅमेऱ्याखालून किती वेगाने जाईल हे कोण ठरवणार? उजेडाची पेटी कोण करणार? आणि आकाराचा निकाल व डागाचा निकाल वेगळे आले तर फळ कोणत्या खोक्यात टाकायचे हे कोण ठरवणार? हे प्रश्न एका शाखेचे नाहीत, म्हणून पुढचे दोन आठवडे आपण शाखा मोडून जोड्या करू.”

यानंतर जोड्या सांगा. शाखांच्या जागी अर्थातच नावे घ्या. मेकॅनिकलचा एक आणि कॉम्प्युटरचा एक अशी पहिली जोडी. मेकॅनिकलवाल्याने पीव्हीसीचे दोन पाइप उतरते ठेवून, त्यांच्यातली फट खालच्या टोकाकडे रुंद होत जाईल असे बांधायचे, तीन आकारांचे प्लॅस्टिकचे चेंडू सोडायचे आणि कोणता चेंडू कुठे पडतो ते मोजायचे, कारण ऑगस्टमध्ये नागपुरी संत्री मिळणार नाहीत. कॉम्प्युटरवालीने त्याच चेंडूंवर पेनने बारीक ठिपके काढून ते तीन वेगवेगळ्या वेगांनी घरंगळताना फोनवर टिपायचे आणि ठिपका कोणत्या वेगाला पुसट होतो ते लिहायचे. दुसरी जोडी इलेक्ट्रॉनिक्स आणि मेकॅनिकलची: एकाने मोटर किती हळू फिरवता येते आणि त्या वेगाला ती अडते का ते तपासायचे, दुसऱ्याने रोलरवर गुंडाळायला फोम, रबर किंवा आणखी काय मिळते, कितीला मिळते, ते इतवारीत फिरून पाहायचे. तिसऱ्या जोडीत तुम्ही स्वतः आणि कॉम्प्युटरचा उरलेला सदस्य. तुम्ही खर्चाचा तक्ता आणि ऑक्टोबरात फोटोंसाठी एखाद्या बागायतदाराची किंवा अडत्याची परवानगी पाहायची, त्याने दिव्याची पेटी पुठ्ठ्याची करून बघायची. लीडरनेही एक कंटाळवाणे काम उचलले आहे हे दिसले पाहिजे. ते बोलून दाखवायची गरज नाही.

काम जोडीत असले तरी कागद प्रत्येकाचा वेगळा ठेवा. याला जुना आधार आहे. लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना एकेकट्याने आणि गटात टाळ्या वाजवायला व ओरडायला लावले, तेव्हा गटात प्रत्येकाचा जोर कमी पडला. त्याच संशोधकांनी १९८१ मध्ये दाखवले, की गटातही आपला आवाज वेगळा मोजला जातो आहे असे वाटले की ही घसरण उरत नाही. माझ्या मते “आपण सगळे मिळून करू” हे वाक्य पहिल्या बैठकीत बोलूच नये. ऐकायला ते गोड लागते आणि त्यातून नेमका कोणाचाच आवाज मोजला जात नाही. त्याऐवजी “तुझे एक पान, त्यावर तुझे नाव, शुक्रवारी रात्री ग्रुपवर” असे म्हणा.

एक नियमही याच वेळी सांगून टाका, आणि तो शब्दशः सांगा: “मालक नसलेले काम ज्याला दिसेल त्याने ते यादीत लिहायचे. लिहिले म्हणून ते त्यानेच करायचे असे नाही.” आपल्याकडे जो बोलतो त्याच्याच माथी काम मारायची रीत आहे. “तूच सुचवलेस ना, मग तूच कर.” असे दोनदा झाले की गट बोलायचा थांबतो, आणि दिव्याची पेटी नाही हे सगळ्यांना दिसत असूनही फेब्रुवारीपर्यंत कोणी तोंड उघडत नाही.

आता अर्थ सांगणारा भाग. तो असावा, पण अर्ध्या मिनिटाचा आणि डोळ्यांनी पाहिलेला. गटात कोणाचे काका किंवा मामा काटोल, नरखेड, वरुडकडे बागायतदार असतील तर त्यांच्याकडे फळे हाताने कशी निवडतात, त्याला किती माणसे लागतात, हे त्याच सदस्याला दोन वाक्यांत सांगायला लावा. विदर्भातल्या शेतकऱ्याच्या परिस्थितीवर तुम्ही बोलू नका. ती ऐकणाऱ्यांना तुमच्याइतकीच ठाऊक आहे, काहींना तर घरातून ठाऊक आहे, आणि तिचा वापर प्रोजेक्टच्या भाषणात शोभेसाठी झाला की त्यांना ते टोचते.

गुणांबद्दल मात्र कोणी विचारण्याआधीच बोला. रॉबर्ट कान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये भूमिकेच्या अस्पष्टतेचे दोन भाग वेगळे केले होते: काम काय आहे हे न कळणे, आणि इतर आपल्याला कसे जोखतील हे न कळणे. दुसरा भाग विद्यार्थ्यांच्या गटात गुणांच्या रूपाने बसलेला असतो. सगळ्यांना सारखे गुण मिळणार असतील तर मी जास्त का राबू, आणि वेगळे मिळणार असतील तर माझे काम दिसणार कुठे? यावर तुमच्या हातात आश्वासन देण्यासारखे काही नाही, तेव्हा देऊ नका. “गुण सर देतील, मी नाही. पण प्रत्येकाची पाने नावानिशी एका फाइलमध्ये राहतील आणि दर महिन्याला ती फाइल सरांना दिसेल” एवढे बोला. मात्र हे बोलण्याआधी गाइडना विचारून घ्या. नाहीतर पहिल्याच बैठकीत तुम्ही हेरगिरी सुरू केली असा अर्थ निघेल.

भाषण जमले की नाही हे टाळ्यांवरून कळत नाही, आणि “समजले ना सगळ्यांना?” या प्रश्नावरूनही कळत नाही, कारण त्याला पाचही माना एकदम हलतात. शेवटी प्रत्येकाला आळीपाळीने एकच प्रश्न विचारा: “शुक्रवारी तू कोणाच्या हातात काय देणार?” उत्तरात वस्तू आणि माणूस दोन्ही आले तर काम पोचले. “मी रोलरचे बघतो” असे उत्तर आले तर पोचलेले नाही. बघणे हे काम नव्हे. दोघांची उत्तरे सारखी आली तर तिथल्या तिथे वेगळी करा. एकदा एका गटात दोघांनी “मोटर” एवढेच उत्तर दिले होते, आणि मी ते कानाआड केले. पुढच्या आठवड्यात बर्डीवरच्या दोन दुकानांतून एकाच मापाच्या दोन मोटारी आल्या आणि त्यांना बसणारा कपलर मात्र कोणीच आणला नाही. मोटर परत घ्यायला दुकानदार तयार नव्हता, हे वेगळे सांगायला नको.

या उत्तरांचीच पाच-सहा ओळींची नोंद करा आणि ती घरी जाऊन नाही, तिथेच बसून ग्रुपवर टाका. नंतर मंगळवारी एकदा डोकवा. नुसते अंगठे दिसत असतील आणि एकही प्रश्न आलेला नसेल तर काम सुरू झालेले नाही असे समजा, कारण खरोखर सुरू केलेले काम प्रश्न विचारल्याशिवाय राहत नाही. असे दिसले तर ग्रुपवर सर्वांना उद्देशून आठवण टाकू नका. एकेकाला फोन करा.

या भाषणाला काय जमणार नाही, तेही सांगतो. दोघांना एकच काम हवे असेल तर तो तंटा भाषणाने मिटत नाही. दोघांनाही दोन आठवडे त्याच कामाचे दोन वेगळे तुकडे द्या आणि वाटणीच्या दिवशी पानांवरून ठरवा. एखाद्याला मनाविरुद्ध या गटात टाकलेले असेल, तर त्याची गोष्ट बैठकीआधीच्या दहा मिनिटांतच ऐकायला हवी. चार लोकांसमोर तो काही बोलणार नाही. आणि गाइडनी मनातल्या मनात वाटणी आधीच केली असेल, तर तुम्ही कितीही छान बोललात तरी पुढच्या आठवड्यात ती मोडेल. तेव्हा शुक्रवारपर्यंत त्यांच्याकडे एक चक्कर मारा आणि एवढेच विचारा: “सर, वाटणी दोन आठवड्यांनी केली तर चालेल ना, की तुम्ही काही ठरवले आहे?” त्यांनी काही ठरवले असेल तर भाषणाचा पहिला तुकडा बदलावा लागेल, दुसरा आणि तिसरा तसाच ठेवता येईल.